तळहातावर तीर्थ: मनगटाच्या फ्रॅक्चरनंतरच्या एका आराखड्याला विचारलेले प्रश्न

अनंत चतुर्दशी होऊन दोन दिवस झाले होते. आमच्या फिजिओथेरपी विभागात चौथ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने केस मांडली. तिची तयारी चांगली होती, अक्षर सुरेख होतं, तक्ता पूर्ण भरलेला होता. तरी तासाभराच्या प्रश्नोत्तरांनंतर त्या तक्त्यातला जवळपास प्रत्येक आकडा आम्हाला पुन्हा घ्यावा लागला. ती केस आणि ते प्रश्न इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हेच प्रश्न मी दरवर्षी विचारते आणि दरवर्षी मुलं त्याच तीन जागी अडतात. रुग्णाच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रुग्ण ६१ वर्षांच्या गृहिणी. सिंहगड रस्त्याच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर राहतात. आपण त्यांना काकूच म्हणू, विद्यार्थिनीही तेच म्हणायची. आषाढीच्या आधल्या आठवड्यात मंडईतून परत येताना ओल्या पायरीवरून पाय सरकला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. मनगटाजवळ रेडियस, म्हणजे अंगठ्याच्या बाजूचं हाड, मोडलं, तुकडा मागच्या बाजूला सरकला होता. भूल देऊन हाड बसवलं, कोपराखाली प्लास्टर घातलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि काकू आमच्याकडे आल्या. केस मांडली तेव्हा फ्रॅक्चरला दहा आणि प्लास्टर काढल्याला चार आठवडे झाले होते.

तक्ता असा होता. प्लास्टर काढल्यावर मनगट मागे (हाताच्या पाठीकडे) २० अंश जात होतं, ते आता ३५. पुढे २५ होतं, ते ३५. तळहात खाली वळवणं ६० वरून ७५. तळहात वर वळवणं, म्हणजे सुपिनेशन, ३० वरून ३५. मुठीची ताकद ४ किलोवरून ७, डाव्या हाताची १८. मनगटाचं दुखणं आणि कामातली अडचण मोजणारी पीआरडब्ल्यूई ही प्रश्नावली ७२ वरून ६४ वर आली होती. १०० म्हणजे सगळ्यात वाईट. खाली ध्येय लिहिलं होतं: 'मनगटाची पूर्ण हालचाल व पूर्ण ताकद परत मिळवणे, सहा आठवडे.' आणि शेवटची ओळ: 'प्रगती चांगली. रुग्णाचे सहकार्य चांगले.'

पूर्ण म्हणजे किती, आणि कोणासाठी?

मी आधी विचारलं, "एक्स-रे पाहिलास का?"

"रिपोर्ट वाचला, मॅडम. हाड जुळलंय असं लिहिलंय."

फिल्म दिव्यावर लावली. हाड जुळलं होतं, पण जसं होतं तसं नाही. रेडियसच्या टोकाचा सांध्याचा पृष्ठभाग बाजूने पाहिला तर तळहाताकडे साधारण ११ अंश झुकलेला असतो. काकूंचा तो उलट, मागच्या बाजूला १० अंश झुकला होता. म्हणजे एकूण विसेक अंशांचा फरक. हाड बसवल्यावर प्लास्टरमध्ये ते थोडं परत सरकलं असणार, या वयात असं होतं. शस्त्रक्रिया नको असं अस्थिरोगतज्ज्ञांनी आणि काकूंनी मिळून ठरवलं होतं.

सांध्याचा पृष्ठभागच मागे झुकला की हालचालीचं सगळं वर्तुळ मागे सरकतं. मनगट मागे जाणं सुधारू शकतं, पण पुढे वाकणं काही अंश कायमचं गमावलेलं असू शकतं. तिथे कितीही ताण दिला तरी हाडाचा आकार बदलत नाही. म्हणून 'पूर्ण हालचाल' हे ध्येय या मनगटासाठी पहिल्या दिवसापासूनच चुकीचं होतं. असं ध्येय लिहिलं की सहा आठवड्यांनी अपयश लिहावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते रुग्णाच्या नावावर लिहिलं जातं.

मग मी तिला सांध्याचं शेवटचं टोक हाताने तपासायला लावलं. मनगट पुढे वाकवताना शेवटी काय लागतं? तिने वाकवलं आणि म्हणाली, "कडक लागतंय. एकदम थांबतं." सुपिनेशनला? "ताणलेल्या चामड्यासारखं. थोडं देतंय." हा फरक मी मुलांना शब्दांत कितीही सांगितला तरी कळत नाही, बोटांना एकदा कळला की विसरत नाही. चामड्यासारखं लागतं तिथे सांध्याचं आवरण आखडलेलं असतं. ते रोजच्या सौम्य, लांब ताणाने हळूहळू सैल होतं. कडक थांबतं तिथे हाडाचा आकार आड येतो आहे का, हे एक्स-रेशी ताडून पाहायचं आणि अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलायचं. जोर लावायचा नाही.

सुपिनेशन का आखडलं, हा पुढचा प्रश्न. कोपराखालचं प्लास्टर हात वळवणं पूर्णपणे बंद करत नाही, मग चार आठवड्यांनंतरही फक्त ३५ अंश कसे? उत्तर प्लास्टरमध्ये नव्हतं, गळ्यातल्या झोळीत होतं. काकूंनी सहा आठवडे हात झोळीत, पोटाशी धरून, तळहात आत आणि खाली करून ठेवला होता. मनगटाजवळ रेडियस आणि करंगळीच्या बाजूचं अल्ना यांच्यात जो छोटा सांधा आहे त्याचं तळहाताकडचं आवरण तशा स्थितीत आखडतं, आणि तळहात वर वळवणं नेमकं त्यानेच अडतं. विद्यार्थिनीने खांदाही तपासला नव्हता. तपासला, तर काकूंचा हात डोक्यामागे जेमतेम जात होता. अंबाडा सून घालून देत होती.

आता ध्येय. मी विद्यार्थिनीला सांगितलं, "अंश बाजूला ठेव. बाहेर जा आणि काकूंना विचार, कुठलं काम अडलंय ज्याने त्यांचा जीव कासावीस होतो." पंधरा मिनिटांनी ती तीन कामं घेऊन आली. पोळी लाटणं. जमिनीवरून हात टेकून उठणं. आणि तिसरं वाचताना ती जरा थांबली: तळहातावर तीर्थ घेणं.

गणपतीत घरी आरती झाली, सगळ्यांनी उजव्या हाताची ओंजळ पुढे केली. काकूंचा तळहात वर वळेना, पळीतलं तीर्थ मनगटावरून ओघळून खाली सांडलं. कुणी काही बोललं नाही. पण त्या दिवसापासून त्या आरतीला मागे उभ्या राहू लागल्या. नवरात्रात चतु:शृंगीला जायचं आहे, तोपर्यंत एवढं जमेल का, असं त्यांनी विचारलं होतं.

फिजिओथेरपीच्या भाषेत हे सुपिनेशनचं काम आहे, आणि तक्त्यात सगळ्यात कमी हललेला आकडाही सुपिनेशनचाच होता. चार आठवडे आम्ही मात्र वॅक्स बाथ, म्हणजे वितळलेल्या मेणाचा शेक, देऊन मनगट पुढे-मागे करत बसलो होतो. काकूंना सगळ्यात जास्त हवी असलेली हालचाल आमच्या आराखड्यात नवव्या क्रमांकावर होती.

रोजची बहुतेक कामं मनगट पुढे आणि मागे साधारण ४० अंश गेलं की होतात, आणि हात दोन्हीकडे ५० अंश वळला की पुष्कळ निभावतं. म्हणून नवं ध्येय असं लिहिलं: चार आठवड्यांत काकू उभ्या राहून, कोपर अंगाला लावून, खांदा न उचलता, उजव्या तळहातावर एक पळी पाणी न सांडता घेतील. त्यासाठी सुपिनेशन किमान ५५ अंश लागेल असा अंदाज बाजूला लिहिला. कोण, काय, कशा स्थितीत, किती आणि केव्हापर्यंत, हे सगळं त्या एका वाक्यात आहे. 'खांदा न उचलता' हे शब्द मी मुद्दाम घालायला लावले. हात वळत नाही तेव्हा माणूस कोपर पोटासमोर आणून आणि सगळं अंग एका बाजूला झुकवून तळहात वर दाखवतो. बघणाऱ्याला वाटतं सुधारणा झाली.

पोळीसाठी वेगळं ध्येय ठेवलं, तेही पाच पोळ्यांचं, वीस नव्हे. जमिनीवरून उठण्याचं मात्र आम्ही पुढे ढकललं. तळहात पूर्ण टेकून उठायला मनगट मागे ७० अंशांच्या वर जावं लागतं आणि सगळा भार त्यावर येतो. तोवर मूठ वळून टेकायची, किंवा डाव्या हाताने स्टूल धरून उठायचं, असं शिकवलं.

प्रगती झाली, हे कशावरून?

हा भाग मी सगळ्यात सावकाश घेते.

"मनगट मागे जाणं २० वरून ३५ झालं. कधी मोजलंस?"

"आज सकाळी, मॅडम. सेशननंतर."

"आणि पहिल्या दिवशी?"

पहिल्या दिवशी ती नव्हतीच. तेव्हा दुसऱ्या विद्यार्थ्याची पोस्टिंग होती. त्याने काकू येताच, काहीही उपचार न करता मोजलं होतं. हिने वॅक्स बाथ आणि मोबिलायझेशन, म्हणजे सांधा हाताने हलवून सैल करणं, झाल्यावर, हात गरम आणि सैल असताना मोजलं. दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या स्थितीत घेतलेले आकडे तक्त्यात शेजारी शेजारी बसले होते आणि मधल्या फरकाला आम्ही प्रगती म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी काकू आल्या आल्या, खुर्चीत बसवून, कोपर टेबलावर ठेवून, कुठलाही शेक न देता तिने पुन्हा मोजलं. मनगट मागे २८ अंश गेलं, सुपिनेशन ३५ च होतं.

गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीने, एकाच मनगटाची एकच हालचाल लागोपाठ दोनदा मोजली तरी पाच अंशांचा फरक सहज पडतो, माणूस बदलला तर त्याहून जास्त. म्हणजे सुपिनेशनमधली ३० ते ३५ ही वाढ मोजमापाच्या चुकीतच मावते. तिला प्रगती म्हणता येत नाही. मनगट मागे जाण्यातले ८ अंशही सीमेवरच होते.

मुठीच्या ताकदीचंही तसंच. डायनॅमोमीटरची मूठ दुसऱ्या खाचेत, कोपर ९० अंशांत, हात अंगाजवळ, तीन वेळा दाबायचं आणि सरासरी घ्यायची, अशी पद्धत आहे. तिने तिन्हींतला सगळ्यात मोठा आकडा लिहिला होता. सरासरी काढली तर ६ किलो. शिवाय या फ्रॅक्चरनंतर रुग्णाला स्वतःला फरक जाणवायला मुठीची ताकद साधारण साडेसहा किलोने वाढावी लागते असं अभ्यासांत दिसलं आहे. आमची वाढ दोन-तीन किलोची होती.

मग प्रश्नावली. मला वाटतं, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने एकदा तपासून पाहावी.

पीआरडब्ल्यूईत पंधरा प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते १० गुण. पाच प्रश्न दुखण्याचे, त्यांची बेरीज ५० पैकी. दहा कामाचे, त्यांची बेरीज १०० पैकी, ती निम्मी करून ५० पैकी धरायची. कामाच्या प्रश्नांत एक आहे सुरीने मांस कापण्याचा आणि एक शौचालयात टिश्यू वापरण्याचा. काकूंनी जन्मात मांस कापलेलं नाही, आणि टिश्यूचा प्रश्न विचारताच त्या हसल्या होत्या. विद्यार्थिनीने दोन्ही ठिकाणी ० लिहिलं. तिच्या मनात होतं 'लागू नाही', पण या मापात ० चा अर्थ होतो 'काहीही अडचण नाही'. दोन शून्यांनी तिने काकूंचा हात दोन कामांत ठणठणीत करून टाकला.

कधीच न केलेलं काम रिकामं ठेवायचं आणि त्या भागातल्या बाकीच्या प्रश्नांची सरासरी तिथे धरायची, अशी रीत आहे. पहिल्या विद्यार्थ्याने तसं केलं होतं. आम्ही फळ्यावर गणित मांडलं. दुखण्याचे गुण ३४. कामाच्या आठ प्रश्नांची बेरीज ६०, म्हणजे सरासरी साडेसात. दहा प्रश्नांना ७५, त्याचे निम्मे ३७.५. एकूण ७१.५.

पहिल्या दिवशी ७२. चार आठवड्यांनी ७१.५.

वर्गात कुणी बोललं नाही. ६४ हा आकडा तसाच धरला असता तरीही फरक आठ गुणांचाच होता. या फ्रॅक्चरच्या रुग्णांना सुधारणा जाणवायला साधारण ११ ते १२ गुणांचा फरक पडावा लागतो. म्हणजे कुठूनही पाहिलं तरी 'प्रगती चांगली' या ओळीला आधार नव्हता. विद्यार्थिनीचे डोळे भरून आले. मी तिला सांगितलं की आकडे खोटे नव्हते, फक्त ते एकमेकांशी तुलना करण्याजोगे नव्हते. त्यात चूक तिची एकटीची नाही, दोन पोस्टिंगच्या मध्ये मोजण्याची पद्धत लिहून न ठेवणाऱ्या आमच्या विभागाचीही आहे. आता आम्ही प्रत्येक आकड्यासमोर 'शेकाआधी' की 'शेकानंतर', आणि कुणी मोजलं, हे लिहितो.

आणखी एक माप आम्ही जोडलं. काकूंनी निवडलेली तीन कामं, प्रत्येकाला त्यांनीच ० ते १० गुण द्यायचे: ० म्हणजे अजिबात जमत नाही, १० म्हणजे पडण्याआधी जमायचं तसं. पोळी २, उठणं १, तीर्थ १. सरासरी जेमतेम दीडच्या खाली. हे रुग्णाच्या कामांवर बेतलेलं माप आहे, यात मांस कापण्याचा प्रश्न येतच नाही. सरासरी दोन गुणांनी तरी वाढली तर बदल खरा धरायचा.

सहकार्य चांगलं, हे कसं कळलं?

"बारापैकी नऊ सेशनना आल्या, मॅडम. आणि रोज विचारते, व्यायाम करता ना काकू? हो म्हणतात."

पुण्यात कुठलीही काकू, समोर लेकीच्या वयाची मुलगी मायेने 'करता ना?' असं विचारत असेल, तर 'हो' म्हणणार. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. आणि ओपीडीत येणं म्हणजे घरी व्यायाम करणं नव्हे. बुडालेली तीन सेशन्स गणपतीतली होती, त्याला आक्षेप घेण्यासारखं काहीच नाही. घरात गौरी, पाहुणे, आणि विसर्जनाच्या दिवशी निम्मे रस्ते बंद. पण आठवड्यात तीन वेळा पाऊण तास, एवढाच वेळ काकू आमच्यासमोर असतात. बाकीचा सगळा आठवडा हात घरी असतो.

व्यायामाची वही मागवली. चार आठवड्यांच्या सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा, एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने. गणपतीच्या दिवसांतही एक खाडा नाही. ही वही बहुधा आदल्या रात्री भरलेली होती. यावरून काकूंना खोटं ठरवायचं नाही. वही अशी भरावीशी वाटली याचा अर्थ त्यांना आमची भीड वाटत होती.

मी विद्यार्थिनीला एवढंच म्हणायला सांगितलं: "काकू, घरी कसं करता ते मला करून दाखवा."

आमच्या छापील कागदावर अकरा व्यायाम होते. काकूंनी तीन दाखवले. पहिला, पिवळा स्पंजचा चेंडू दाबणं. तो त्या मन लावून, दिवसातून शंभर वेळा करत होत्या, मालिका बघताना. चेंडू दाबल्याने बोटं आणि मूठ हलते, पण मनगट मागे जात नाही आणि हात वळत तर मुळीच नाही. आपल्याकडे मनगटाचा व्यायाम म्हटलं की चेंडू, असं समीकरण झालं आहे. दुसरा, कोमट पाण्यात हात हलवणं, तोही फक्त रात्री. तिसरा सुपिनेशनचा. तो करताना त्यांचा कोपर अंगापासून सुटला, खांदा फिरला, सगळं धड झुकलं आणि मनगटाजवळ हात जागच्या जागी राहिला. म्हणजे तो व्यायाम त्या करत होत्या, पण तो होत नव्हता.

बाकीचे आठ का नाहीत? हा प्रश्न विद्यार्थिनीने नीट विचारला, मला आवडलं. ती म्हणाली, "काकू, अकरा व्यायाम रोज कुणालाच जमत नाहीत. गेल्या आठवड्यात कुठले राहून गेले?" मग काकू बोलल्या. प्लास्टर काढताना कुणीतरी म्हणालं होतं, 'हाताला जपा.' शेजारच्या बाईंनी सांगितलं की हाड वर्षभर कच्चंच असतं. हात वळवताना करंगळीच्या बाजूला कळ येते, त्यांना वाटायचं हाड सरकतंय. एकदा जरा जास्त केलं तर रात्री मनगट ठणकलं, दुसऱ्या दिवशी मुलाने रागावून सांगितलं, 'आई, बस झालं आता.' आणि घरात सून काही करू देत नाही. 'आई, तुम्ही बसा' हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकल्यावर हात वापरायचा तरी कुठे?

ही भीती दूर करण्याआधी ती खरी आहे का हे तपासायला हवं होतं, आणि तेही तिने केलं नव्हतं. दुखण्यामुळे व्यायाम न करणाऱ्या रुग्णाला 'सहकार्य नाही' म्हणण्याआधी काही गोष्टी पाहायच्याच. बोटं सुजलेली आणि चकचकीत आहेत का, एका हाताचा रंग, उष्णता किंवा घाम दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे का, नुसत्या स्पर्शाने आग होते का. तसं असेल तर सीआरपीएसची, म्हणजे इजेनंतर दुखणं प्रमाणाबाहेर टिकून राहणाऱ्या विकाराची, शंका घ्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. रात्री अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येते का, म्हणजे मनगटातली मज्जातंतू दाबली जाते आहे का. तळहात टेबलावर पालथा ठेवून एकटा अंगठा वर उचलता येतो का. फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनी अंगठा उचलणारा स्नायूबंध झिजून तुटू शकतो, आणि तेव्हा व्यायाम वाढवून काही होत नाही. काकूंच्या बाबतीत हे सगळं ठीक निघालं. अस्थिरोगतज्ज्ञांना फोन केला, त्यांनी हाड पक्कं आहे आणि हलका भार चालेल असं सांगितलं. विद्यार्थिनीने काकूंना फिल्म दाखवून जुळलेलं हाड बोटाने दाखवलं. काकू बराच वेळ ती फिल्म बघत होत्या.

मग अकराचे तीन व्यायाम केले.

पहिला, लाटणं. बसून कोपर अंगाला लावायचा, कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये गुंडाळलेला नॅपकिन धरायचा. मुठीत लाटणं एका टोकाशी, उभं धरायचं आणि हळूहळू बाहेरच्या बाजूला पडू द्यायचं, म्हणजे त्याच्या वजनाने तळहात वर वळतो. ताण जाणवला की तिथेच ३० सेकंद थांबायचं. पाच वेळा. नॅपकिन पडला तर खांदा फसवतोय हे काकूंना स्वतःलाच कळतं, तिथे आमची गरज नाही. दुसरा, नमस्कार. छातीसमोर हात जोडायचे आणि तळहात चिकटलेले ठेवून हात सावकाश खाली न्यायचे. तिसरा, ओला पंचा पिळणं, आणि दुसऱ्या आठवड्यापासून मुठीने थोडी कणीक मळणं. खांद्यासाठी वेगळा व्यायाम दिलाच नाही. रोज स्वतःचा अंबाडा स्वतः घालायचा, एवढंच.

वेळाही त्यांच्याच दिवसातल्या ठेवल्या: सकाळच्या चहानंतर, दुपारी जेवण झाल्यावर, संध्याकाळी दिवा लावल्यावर. वही बंद. त्याऐवजी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, झालं तर टिंब, राहिलं तर काही नाही. विद्यार्थिनीने काकूंना बजावलं की रिकामी तारीख पाहून कुणी रागावणार नाही, उलट तीच मला बघायची आहे.

दुखण्याचा नियम एका ओळीत दिला. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांत ओसरलं तर तेवढाच व्यायाम चालू ठेवायचा. रात्री ठणकलं किंवा सकाळी सूज दिसली तर दुसऱ्या दिवशी निम्मा करायचा, पण बंद नाही. आणि पुढच्या खेपेला सुनेला सोबत बोलावलं. ती बिचारी अपराधी चेहऱ्याने म्हणाली, "मला वाटलं मी मदतच करतेय." तिला नेमकं काम सांगितलं: रोजच्या पाच पोळ्यांचं पीठ आईंसाठी बाजूला काढायचं आणि त्या लाटत असताना ओट्यापासून लांब उभं राहायचं.

एक प्रश्न विद्यार्थिनीने शेवटपर्यंत विचारला नव्हता, तो मीच काकूंना विचारला: याआधी कधी पडलात का, हाडांची घनता कधी तपासली का? ६१ व्या वर्षी उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडतं तेव्हा हाड ठिसूळ झालं आहे का हे पाहायला हवं. कोणीही पाहिलं नव्हतं. डेक्सा तपासणीसाठी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली.

चार आठवड्यांनी

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी त्याच विद्यार्थिनीने, त्याच खुर्चीत, शेकाआधी मोजलं. सुपिनेशन ३५ वरून ५५. मनगट मागे २८ वरून ४५. मनगट पुढे ३५ वरून ४०, म्हणजे अपेक्षेप्रमाणे जवळपास तिथेच. मूठ ६ वरून ११ किलो. पीआरडब्ल्यूई दुखण्यात २२, कामात आठ प्रश्नांची बेरीज ४४, म्हणून २७.५, एकूण ४९.५. तीन कामांचे गुण: पोळी ६, तीर्थ ७, उठणं २.

या वेळी तिने स्वतःहून सांगितलं, "मॅडम, मुठीची वाढ पाच किलोची आहे, एकट्या त्या आकड्यावर मी सुधारणा म्हणणार नाही. सुपिनेशन आणि पीआरडब्ल्यूईवर म्हणेन." मनगट पुढे वाकण्याचं ध्येय तिने खोडून शेजारी कारण लिहिलं: 'हाडाच्या झुकावामुळे मर्यादा, रुग्णाला समजावले.' जमिनीवरून उठण्याचं ध्येय पुढच्या सहा आठवड्यांसाठी ठेवलं. सहकार्याच्या रकान्यात 'चांगले' हा शब्द नव्हता. लिहिलं होतं: २८ पैकी २१ दिवस टिंबं. राहिलेले ७ दिवस: नवरात्रात घरी पाहुणे ४, मनगट ठणकले २, कारण आठवत नाही १. लाटण्याचा व्यायाम समोर करून दाखवला, नॅपकिन पडला नाही.

मी काकूंना विचारलं, चतु:शृंगीला जाऊन आलात का?

"अष्टमीला गेले होते," त्या म्हणाल्या. "गर्दी फार. पण घेतलं हातावर. थोडं सांडलं करंगळीकडून."

विद्यार्थिनीने लगेच टेबलावरचा पाण्याचा पेला आणि चमचा उचलला. काकूंनी कोपर अंगाला लावला आणि तळहात पुढे केला.

"इथून सांडलं होतं," करंगळीखालचा भाग दाखवत त्या म्हणाल्या. तिने तिथे बोट ठेवलं, काकूंना हात आणखी थोडा वळवायला लावला आणि गोनिओमीटर मागितला.